दोन भाषा आणि एक चौकोन: द्विभाषिकांच्या फायद्याचा वाद कुठून सुरू झाला?

दोन भाषा बोलणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही भाषा सतत जाग्या असतात. एक बोलताना दुसरी आवरावी लागते, आणि या रोजच्या सरावामुळे लक्ष आवरण्याची क्षमताच बळकट होते, असा कयास आहे. त्याला सर्वाधिक बळ मिळालं ते एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या शोधनिबंधातून.

त्यांनी वापरलेली सायमन चाचणी साधी आहे. पडद्यावर निळा चौकोन दिसला की डावी कळ दाबायची, तपकिरी दिसला की उजवी. चौकोन कुठल्या बाजूला आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. तरी निळा चौकोन उजवीकडे उमटला की हात अडखळतो. या अडखळण्याला लागलेला जादा वेळ जितका कमी, तितकं नियंत्रण चांगलं मानतात. पहिल्या प्रयोगात भारतात राहणारे तमिळ-इंग्रजी बोलणारे द्विभाषिक आणि कॅनडातले फक्त इंग्रजी बोलणारे, मध्यमवयीन आणि वृद्ध, असे एकूण 40 जण होते. द्विभाषिक कमी अडखळले.

खटकण्यासारखं मात्र त्याच निबंधात होतं. या चाचणीत हा जादा वेळ एरवी वीस-तीस मिलिसेकंदांच्या आसपास असतो. इथे वृद्ध एकभाषिकांचा तो एक सेकंदाहून जास्त निघाला. शिवाय हे दोन गट वेगवेगळ्या देशांत राहणारे. त्यांच्यातला फरक भाषेचा की राहणीमानाचा, हे अशा तुलनेत सुटं करता येत नाही. 2007 मध्ये मॉर्टन आणि हार्पर यांनी सारख्या सामाजिक-आर्थिक स्तरातली मुलं घेतली, तेव्हा फरक दिसला नाही. 2011 मध्ये हिल्ची आणि क्लाइन यांनी तोवरचे प्रयोग तपासले. कमी अडखळण्याचा फायदा क्वचितच दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातले रेमंड क्लाइन 2004 च्या निबंधाचे सहलेखक होते. आपल्याच निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणं मला फार मोलाचं वाटतं.

मग इतकी वर्षं पुरावा एका बाजूला झुकलेला का दिसला? आंजेला दे ब्रुइन यांनी 1999 ते 2012 मधल्या परिषदांत या विषयावर मांडलेल्या 104 संशोधनांचे सारांश शोधून त्यांतले कुठले पुढे छापून आले ते पाहिलं. फायदा स्पष्ट दाखवणारे 68 टक्के छापले गेले, फायदा न दिसलेले 29 टक्के. फायदा न दिसलेले प्रयोग वाचकांपर्यंत फारच कमी पोहोचत होते.

पण छपाईचा कल दूर केला तरी मापाचा प्रश्न उरतोच, आणि मला तोच मूळ प्रश्न वाटतो. केनेथ पाप आणि झॅकरी ग्रीनबर्ग यांनी 2013 मध्ये एकाच गटाला सायमन आणि फ्लँकर या दोन्ही चाचण्या दिल्या. फ्लँकरमध्ये मधल्या बाणाची दिशा सांगायची असते आणि आजूबाजूचे बाण दिशाभूल करतात. दोन्ही चाचण्या एकच क्षमता मोजत असतील, तर एकीत कमी अडखळणारा दुसरीतही कमी अडखळायला हवा. तसा संबंध जवळजवळ आढळला नाही. त्यामुळे एखाद्या चाचणीत द्विभाषिक सरस ठरले, तरी तो गुण त्या चाचणीपुरताच की सर्वसाधारण नियंत्रणाचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही.