मल्टिप्लाय लावलं म्हणजे चुणी पडली असं होत नाही

फोटोशॉपमध्ये टी-शर्टच्या मॉकअपवर डिझाइन ठेवायचं, लेयर मल्टिप्लायवर टाकायचा, कापडाच्या सावल्या त्यातून दिसायला लागल्या की ‘बसलं एकदम’ म्हणायचं आणि चित्र ग्राहकाला पाठवून द्यायचं. हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने शिकवलं जातं की मल्टिप्लाय आणि डिस्प्लेस ही एकाच कामाची दोन नावं आहेत असं पुष्कळांना वाटतं. ती दोन वेगळी कामं आहेत. एक रंग बदलतं, दुसरं जागा बदलतं.

मल्टिप्लाय तुम्हाला माहीतच आहे. वरच्या पिक्सेलची किंमत गुणिले खालच्याची, भागिले 255. पांढऱ्या शर्टच्या चुणीत कापड 170 असेल आणि शाईचा लाल 200, तर दिसणारा लाल 133. चुणी गडद झाली, एवढंच. काळ्या शर्टवर याच गणिताने घात होतो. कापड 30 असेल तर पांढरीशुभ्र शाईसुद्धा 30 होते, म्हणजे डिझाइन गायब. छापताना मात्र गडद कापडावर आधी पांढरा अंडरबेस मारतात आणि रंग त्याच्यावर बसतात, त्यामुळे खालचं कापड रंगाला खात नाही. मॉकअपमध्येही तसंच हवं: डिझाइनचा लेयर नॉर्मलवर, आणि सावली-उजेड त्याच्या वर वेगळ्या लेयरने.

आता मुख्य गोष्ट. गणपती मंडळाचा काळा टी-शर्ट घ्या. छातीवर भगव्या रंगात मंडळाचं नाव, वर लांबलचक शिरोरेषा. शर्टच्या फोटोत काखेकडून पोटाकडे तिरकी चुणी गेली आहे. खरा छापलेला शर्ट पाहा: शिरोरेषा चुणीपाशी येते, कापडाबरोबर थोडी खाली उतरते आणि पलीकडे परत वर येते. मॉकअपमध्ये सावल्यांचं काम कितीही मन लावून केलेलं असो, नुसत्या ब्लेंड मोडने ती रेषा फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ राहते, फक्त चुणीच्या जागी काळवंडते. डोळ्याला ते लगेच खटकतं, कारण सावली सांगते की कापड वळलंय आणि रेषा सांगते की वळलं नाही. देवनागरी अक्षरांत हा दोष रोमनपेक्षा जास्त उघडा पडतो, आणि म्हणूनच मॉकअप तपासायला मी आधी शिरोरेषाच बघतो.

रेषा सरकवायचं काम डिस्प्लेसचं. फोटोशॉपमध्ये `Filter > Distort > Displace`. त्याला एक नकाशा लागतो, म्हणजे शर्टच्याच फोटोची करडी प्रत, वेगळी PSD म्हणून जतन केलेली आणि फोटोच्याच मापाची. नकाशातला 128 हा करडा म्हणजे ‘हलू नको’. त्याहून गडद भाग डिझाइनला एका बाजूला ढकलतो, उजळ भाग उलट बाजूला. किती ढकलायचं ते स्केल ठरवतं. 100 स्केलला जास्तीत जास्त सरक 128 पिक्सेल, म्हणून 10 स्केलला साधारण 13.

हिशेब करून पाहू. फोटोत शर्टची रुंदी काखेपासून काखेपर्यंत 1000 पिक्सेल आणि खरी रुंदी 20 इंच, म्हणजे इंचाला 50 पिक्सेल. चुणीचा खोलगट भाग नकाशात 60 आहे, तर तिथे रेषा 10 स्केलला 6.8 पिक्सेल सरकेल. चुणीचा उजळ काठ 180 असेल तर 5.2 पिक्सेल उलट दिशेला. दोन्ही मिळून 12 पिक्सेल, कापडावर सहा मिलिमीटर. सुती शर्टच्या मध्यम चुणीला एवढं पटतं. फोटो दुप्पट मोठा घेतलात तर स्केलही दुप्पट, नाहीतर परिणाम निम्मा दिसेल. कुणीतरी सांगितलेला ‘10’ हा आकडा प्रत्येक फोटोला चिकटवणं बंद करा.

काळ्या शर्टवर इथेच लोक अडकतात. फोटोची करडी प्रत तशीच नकाशा म्हणून दिली तर सपाट कापडसुद्धा 30 च्या आसपास असतं. मग सगळं डिझाइनच जवळजवळ दहा पिक्सेल आडवं आणि दहा पिक्सेल उभं सरकतं, आणि चुण्यांचा फरक जेमतेम दिसतो. मग लोक स्केल वाढवतात आणि डिझाइन आणखी पळतं. स्केलला हात लावू नका. नकाशाला Levels लावून सपाट कापड 128 वर आणा, चुण्या त्याच्या दोन्ही बाजूंना पसरू द्या. त्यानंतर गॉशियन ब्लर, या मापाच्या फोटोला तीन-चार पिक्सेल. ब्लर नसेल तर कापडाची वीणसुद्धा चुणी समजली जाते आणि शिरोरेषेला करवतीसारखे दाते येतात. मेलान्ज कापडावर हे हमखास होतं, कारण त्यातले गडद-फिके धागे फिल्टरला उंचसखल भाग वाटतात. डिस्प्लेसला उंची कळत नाही, फक्त करडा कळतो. शर्टवर डाग असेल तर तो डागाभोवतीही डिझाइन वाकवेल.

128 वर आणलेली हीच प्रत ब्लर न करता डिझाइनच्या वर क्लिप करा आणि Soft Light ला ठेवा. तिथेही मधला करडा काही करत नाही, गडद भाग सावली देतो, उजळ भाग उजेड. काळ्या शर्टवर मल्टिप्लायपेक्षा मला हेच कायम पसंत आहे.

ताण ही तिसरी बाब, पण थोडक्यात. अंगात घातलेल्या शर्टवर छातीच्या गोलाईने डिझाइनच्या कडा आत वळतात. ते डिस्प्लेसचं काम नाही, Warp चं आहे. डिझाइन स्मार्ट ऑब्जेक्ट करून आधी गोलाई द्या, मग डिस्प्लेस. डिस्प्लेसचं स्केल वाढवून गोलाई आणायला गेलात तर अक्षरं वितळलेली दिसतात.

जागेचं गणित वरच्याच मापाने सुटतं. छातीभर डिझाइन 11 इंच म्हणजे 550 पिक्सेल, गळ्याच्या पट्टीखाली तीन इंच सोडून. मध्य गळ्याच्या मध्यावरून धरा, फोटोच्या चौकटीवरून नाही. आणि डावी छाती म्हणजे घालणाऱ्याची डावी.

शाईच्या पोताबद्दल माझा आग्रह एकच आहे: जे छापणार तेच दाखवा. वॉटर बेस्ड शाई धाग्यात मुरते, म्हणून वीण डिझाइनमधून हलकी दिसू द्या. प्लास्टिसोल कापडावर थर धरते आणि डीटीएफची तर फिल्मच असते, तिथे वीण जवळजवळ झाकली जाते. मऊ, मुरलेला पोत दाखवून डीटीएफ हातात देणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. नव्याकोऱ्या शर्टच्या मॉकअपवर शाईला तडे दाखवण्याची पद्धतही मला अजिबात मान्य नाही. प्लास्टिसोल नीट क्युअर झाली नाही की ताणल्यावर तडकते, साधारण 160 अंश सेल्सियसपर्यंत शाईचा पूर्ण थर तापावा लागतो. तडे मूळ डिझाइनमध्येच काढलेले असतील तर ते छापलेही जातील, तेव्हा खुशाल दाखवा. मॉकअपच्या वरच्या लेयरमधले तडे मात्र छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये नसतात, आणि ग्राहक त्यांच्यासह पसंती कळवून बसलेला असतो.