'का' नको, कागद मागा

"माहिती अधिकाराच्या अर्जात 'विहीर अर्धवट का?' विचारलं की साहेबाला उत्तर द्यावंच लागतं ना?"

नाही. मिळते ती दप्तरात असलेली माहिती. कारणं शोधून सांगणं बंधनकारक नाही. समजा, यवतमाळकडे रोजगार हमी योजनेची सिंचन विहीर कागदावर पूर्ण आहे, शिवारात नुसता खड्डा. आधी हजेरीपट योजनेच्या संकेतस्थळावर फुकट पाहा. मग पंचायत समितीकडे त्या एकाच विहिरीच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांत हवा. विषय मिसळले की अर्ज अडकतो. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पहिलं अपील. प्रत आली की टेप घेऊन विहिरीवर जा आणि नोंदलेली खोली ताडून पाहा. पण विहीर पावसात खचली असेल, तर फरक फसवा ठरतो. म्हणून हजेरीपटावरल्या मजुरांना गाठाच.