दहावा कुठे गेला?

सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथल्या संगमावर एकदा कीर्तनाला बसलो होतो. पूर्वरंगात बुवांनी 'तू जे शोधतोस ते तूच आहेस' हे तऱ्हेतऱ्हेनं पटवून दिलं. सगळं पटलं, पण आत काही हललं नाही. मग उत्तररंगात त्यांनी गोष्ट काढली.

दहा जण नदी पार करून आले. कुणी वाहून तर गेलं नाही ना, म्हणून एकानं मोजलं, तर नऊच. दुसऱ्यानं मोजलं, तरी नऊ. दहाव्याच्या नावानं रडारड सुरू झाली. एका वाटसरूनं मोजणाऱ्याचं बोट धरून त्याच्याच छातीकडे वळवलं. "दहावा तू." शेजारच्या आजी खळखळून हसल्या आणि एकदम गप्प झाल्या.

चौदाव्या शतकात विद्यारण्यांच्या 'पंचदशी' या वेदान्तावरच्या ग्रंथात याच गोष्टीची नीट उकल आहे. 'दहावा आहे' असं कुणी सांगितलं की होतं ते परोक्ष ज्ञान, आणि 'तो मीच' हे कळतं ते अपरोक्ष. युक्तिवाद पहिल्यापर्यंत आणून सोडतो, कारण तो ज्याविषयी बोलतो ते समोरची वस्तू होऊन बसतं. इथे तर हरवलेला आणि शोधणारा एकच.

मग गोष्ट ऐकली की काम झालं का? मानसशास्त्रज्ञ गिक आणि होलिओक यांनी 1980 मध्ये हे तपासलं. कोडं असं होतं: पोटातली गाठ किरणांनी जाळायची, पण वाटेतलं निरोगी मांस जळता कामा नये. उत्तर असं की चहूबाजूंनी मंद किरण सोडायचे, ते गाठीवरच एकवटतात. हे आपणहून दहातल्या जेमतेम एकाला सुचायचं. सैन्याच्या तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी नेऊन किल्ला घेणाऱ्या सेनापतीची गोष्ट आधी वाचायला दिली, तर साधारण तिघांना. आणि 'ती गोष्ट इथे लावून बघा' एवढं म्हटलं की सात-आठ जणांना.

प्रयोग कोड्यांचा होता, आत्मज्ञानाचा नव्हे. पण गोष्ट लक्षात राहणं आणि ती स्वतःला लागू पडणं यांतलं अंतर त्यात स्पष्ट दिसतं. वाटसरूचं 'तू' हे मला त्या सूचनेसारखं वाटतं. बुवाही तिथे थांबले, तात्पर्य सांगत बसले नाहीत. ते सांगितलं असतं तर पुन्हा परोक्षच हाती आलं असतं.

गोष्ट कितपत उतरली हे ओळखायचं असेल, तर ऐकणाऱ्याला त्याचं स्वतःचं उदाहरण विचारावं. एक मुलगा म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा." जवळ आलं, पण कळसा बोट करून दाखवता येतो, तो वळसा घालणाऱ्याहून वेगळाच असतो.

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सणाला माणसं मोजून पानं मांडली. सगळी जेवायला बसली, अन् एक पान कमी पडलं. कुणाचं म्हणून बघते तर माझंच. वाढणारी मोजायची राहिलीच की."