कोड लिहिण्याआधीच टेस्टर बैठकीला का येतो?

आमच्याकडे नवं काम सुरू झालं की पहिल्याच बैठकीला तुमच्यासमोर तिघं बसलेले दिसतील: तुमची गरज समजून घेणारा ॲनालिस्ट, डेव्हलपर आणि टेस्टर. पहिले दोघं का आलेत हे कुणी विचारत नाही. तिसऱ्याबद्दल मात्र हमखास विचारणा होते, "अजून एक ओळही कोड लिहिलेला नाही, मग हे तपासणार काय?" प्रश्न रास्त आहे, कारण त्या माणसाचे तासही तुमच्याच बिलात लागतात. त्याचं उत्तर या पत्रकात आम्ही एकाच उदाहरणातून, पण नीट तपशिलानं देत आहोत.

आधी नावाबद्दल थोडंसं. सॉफ्टवेअरचं काम कागदावर मांडलं की डावीकडून उजवीकडे टप्पे येतात: गरजा, डिझाइन, कोड आणि अगदी उजव्या टोकाला टेस्टिंग. ते टोकावरून डावीकडे आणायचं, म्हणून 'शिफ्ट-लेफ्ट'. लॅरी स्मिथ यांनी २००१ मध्ये हा शब्दप्रयोग केला. मूळ विचार त्याहून जुना आहे. डिझाइन आणि कोड चालवून पाहण्याआधी चार जणांनी बसून ओळ न् ओळ वाचायची पद्धत आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्येच मांडली होती.

आता उदाहरण. अपॉइंटमेंट बुक करण्याची एक प्रणाली आम्ही केली होती. तेव्हा टेस्टर शेवटी यायचा. गरजांच्या कागदावर नियम असा होता: "अपॉइंटमेंट २४ तास आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रिफंड, त्यानंतर रिफंड नाही. अपॉइंटमेंटची वेळ सुरू होण्यापूर्वी कधीही विनाशुल्क बदलता येईल." वाचायला अगदी सरळ. डेव्हलपरनं त्याचा कोडही तितकाच सरळ लिहिला. सोप्या रूपात तो असा होता:

```
if (start_time - now >= 24h)
    refund_full()
else
    refund_none()
```

टेस्टरनं २५ तास आधी रद्द करून पाहिलं, पैसे परत आले. २३ तास आधी रद्द करून पाहिलं, आले नाहीत. कागदाप्रमाणे सगळं बरोबर होतं, म्हणून प्रणाली सुरू झाली.

चार महिन्यांनी हिशेब पाहणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं की ऐन वेळी रिकाम्या राहिलेल्या वेळा वाढल्या आहेत, आणि तरी त्यांचे पैसे पूर्ण परत जात आहेत. शोध घेतल्यावर मेख सापडली. समजा, बुधवारी दुपारी चारची अपॉइंटमेंट आहे आणि यायचं नाही हे एक वाजता ठरलं. तेव्हा रद्द केली तर पैसे बुडतात. म्हणून लोक आधी ती पुढच्या बुधवारवर ढकलत आणि पाच मिनिटांनी रद्द करत. आता अंतर तीन तासांचं नाही, सात दिवसांच्या जवळपास. पूर्ण रिफंड! कोड चुकला नव्हता, टेस्टिंगही चुकलं नव्हतं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी ठीक होती, पळवाट त्यांच्या मधल्या फटीत होती.

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा खरं दुखणं कळलं. रिफंडचा हिशेब मूळ वेळेवरून करायचा असं ठरलं, पण डेटाबेसमध्ये वेळेसाठी एकच जागा होती, `start_time`. वेळ बदलली की जुनी वेळ पुसून तिथं नवी लिहिली जायची. म्हणजे आधीच पुढे ढकललेल्या अपॉइंटमेंट मुळात कधीच्या होत्या, ते शोधायला काही उरलंच नव्हतं. त्यांचे पैसे मुकाट्यानं द्यावे लागले. कोडमधला बदल दोन ओळींचा होता, पण डेटाबेस, वेळ बदलायचं पान, पुष्टीचा ईमेल आणि अटींचा मजकूर हे सगळं बदलता बदलता नऊ दिवस गेले.

एवढं करूनही नियम चुकलाच. एखाद्याची अपॉइंटमेंट ५ तारखेला आहे. त्यानं चार दिवस आधी, १ तारखेला, ती २५ तारखेवर नेली आणि १० तारखेला रद्द केली. पंधरा दिवस आधी कळवूनही मूळ वेळ उलटून गेल्यामुळे त्याला रिफंड नाकारला जायला लागला. घाईत केलेल्या दुरुस्तीनं पळवाट बुजवली, पण प्रामाणिक माणसाला फटका दिला.

पुढं दुसऱ्या एका ग्राहकाकडून जवळजवळ तसंच काम आलं. या वेळी टेस्टर पहिल्या बैठकीला होता. त्यानं तोच नियम मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "बुधवारी चारची अपॉइंटमेंट मी त्याच दिवशी एक वाजता पुढं ढकलली आणि लगेच रद्द केली, तर पैसे परत द्यायचे का?" क्षणभर कुणीच बोललं नाही. मग रोज बुकिंग सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "असं करणारे निघतील हो, फोनवर आत्ताही करतात." त्या एका वाक्यासाठी बैठक सार्थकी लागली असं आम्हाला आजही वाटतं.

टेस्टर अशा वेळी नियमातल्या अटी सुट्या करून त्यांच्या जोड्या लावतो आणि प्रत्येक जोडीसमोर उत्तर आहे का ते पाहतो. फळ्यावर तयार झालेला तक्ता असा होता:

| वेळ कधी बदलली | कधी रद्द केली | रिफंड |
|---|---|---|
| बदललीच नाही | २४ तास आधीपर्यंत | पूर्ण |
| बदललीच नाही | २४ तासांच्या आत | नाही |
| जुन्या वेळेच्या २४ तास आधीपर्यंत | नव्या वेळेच्या २४ तास आधीपर्यंत | पूर्ण |
| जुन्या वेळेच्या २४ तास आधीपर्यंत | नव्या वेळेच्या २४ तासांच्या आत | नाही |
| जुन्या वेळेच्या २४ तासांच्या आत | केव्हाही | नाही |

शेवटची ओळ पळवाट बंद करते आणि तिसरी ओळ त्या १ तारखेवाल्याला न्याय देते. तक्ता भरताना आणखी एक प्रश्न निघाला: सकाळी नऊ वाजता त्याच दिवशी अकराची वेळ घेतली आणि चूक लक्षात येऊन दोन मिनिटांत रद्द केली तर? २४ तास आधी रद्द करणं त्या माणसाला शक्यच नव्हतं. ग्राहकानं जागेवर ठरवलं की बुकिंगनंतरची पहिली १५ मिनिटं रद्द करायला मोकळी. हा निर्णय आमचा नव्हता आणि नसावाच. डेव्हलपरला उत्तर मिळालं नाही की तो काहीतरी गृहीत धरून पुढं जातो, आणि मग तुमच्या पैशांचा नियम नकळत त्याच्या हातून ठरतो.

या तक्त्यानं डिझाइनही बदललं. फक्त मूळ वेळ जपून भागणार नाही, वेळ नेमकी कोणत्या क्षणी बदलली तेही हवं, हे तिसऱ्या आणि पाचव्या ओळीवरून उघड झालं. म्हणून `appointment_changes` असं वेगळं टेबल ठेवलं: जुनी वेळ, नवी वेळ आणि बदल केल्याचा क्षण. कोड नसताना हे ठरवायला फळ्यावर एक चौकोन वाढवावा लागला, इतकंच. आधीच्या कामात हीच माहिती कितीही खर्च केला तरी परत मिळाली नसती. उशिरा सापडलेल्या कोडच्या चुकीपेक्षा उशिरा सापडलेली गरजेतली चूक आम्हाला जास्त भीतिदायक वाटते ती यामुळे.

डिझाइन पाहताना टेस्टरनं आणखी एक मागणी केली. कोडनं संगणकाचं घड्याळ थेट वाचू नये, 'आत्ताची वेळ' बाहेरून देता यावी. तसं नसेल तर २४ तासांची सीमा तपासायला दिवसभर थांबावं लागतं किंवा सर्व्हरचं घड्याळ मागं-पुढं करावं लागतं, आणि मग ते तपासणं टळत जातं. वेळ बाहेरून देता आली की बरोबर २४ तास आणि त्याला एक सेकंद कमी अशा दोन्ही तपासण्या निमिषात होतात. पहिल्या कामात आम्ही २५ आणि २३ तास पाहिले होते, नेमकी सीमा कधीच पाहिली नव्हती. तिथं `>=` ऐवजी `>` पडलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं.

सीमेवरून पडद्याचाही विचार झाला. रद्द करायचं पान उघडलं तेव्हा २४ तासांना दोन मिनिटं बाकी होती, पानावर 'पूर्ण रिफंड मिळेल' असं दिसलं, आणि बटण दाबलं तीन मिनिटांनी. इथं काय व्हावं? ठरलं असं की सर्व्हरवर विनंती पोचली तो क्षण धरायचा, पानावर 'मंगळवार सायंकाळी ४:०० पर्यंत' अशी स्पष्ट वेळ दाखवायची, आणि दरम्यान मुदत संपली तर न विचारता रद्द करून टाकायचं नाही, पुन्हा विचारायचं. घड्याळं वर्षातून दोनदा पुढं-मागं करणाऱ्या देशांतही प्रणाली वापरायची असेल तर '२४ तास आधी' आणि 'आदल्या दिवशी याच वेळी' यांत एका तासाचा फरक पडू शकतो. त्यातलं काय धरायचं तेही तेव्हाच लिहून ठेवावं.

या सगळ्यानं शेवटचं टेस्टिंग सुटत नाही. पेमेंट गेटवेनं उत्तरच दिलं नाही तर काय होतं, एकाच वेळी शेकडो लोक आले तर पान किती रेंगाळतं, लहान फोनवर बटण बोटाखाली नीट येतं का, हे चालत्या प्रणालीवरच कळतं. त्यासाठीचे दिवस आम्ही अंदाजपत्रकात कमी करत नाही. आणि टेस्टरला नुसता कागद पाठवून सही घेतली तर ते शिफ्ट-लेफ्ट नव्हे. त्या बैठकीत मेख सापडली ती टेस्टरचा प्रश्न आणि बुकिंग सांभाळणाऱ्या बाईंचा अनुभव एकत्र आल्यामुळे.

म्हणून तुमच्याकडून दोन माणसं हवीत: ते काम रोज हातानं करणारी एक व्यक्ती आणि नियम ठरवण्याचा अधिकार असलेली दुसरी. साधारण दीड तास धरा. बैठकीनंतर प्रश्नांची यादी तुम्हाला मिळेल. ज्या प्रश्नाचं उत्तर राहिलं असेल, त्यासमोर तुमच्याकडच्या एकाचं नाव आणि तारीख असेल. ते उत्तर येईपर्यंत त्या भागाचा कोड आम्ही सुरू करत नाही, बाकीचं काम चालू राहतं. पुढं सापडणाऱ्या प्रत्येक चुकीसमोर ती गरजेत शिरली, डिझाइनमध्ये की कोडमध्ये, हे आम्ही नोंदवतो आणि ती नोंद दर महिन्याच्या अहवालात देतो. 'गरज' या रकान्यात आकडा वाढताना दिसला तर आम्हाला जरूर फोन करा आणि पुढच्या भागासाठी ती बैठक आधी ठरवून घ्या.