कॅट स्कोअरकार्डचे वाचन

कॅट स्कोअरकार्ड : भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, आणि इतर अनेक व्यवस्थापन महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅडमिशन टेस्ट’चे निकालपत्रक. त्यावर उमेदवाराचे तीन विभागांतले आणि एकूण असे स्केल्ड स्कोअर व पर्सेंटाइल छापलेले असतात. क्रमांक छापलेला नसतो. बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटीत मेरिट नंबर पाहिलेल्या नाशिकमधल्या पालकांचा पहिला प्रश्न “नंबर कितवा आला?” हाच असतो आणि कार्डावर त्याचे उत्तर सापडत नाही. ते पर्सेंटाइलमधून काढावे लागते.

गुण आणि पर्सेंटाइल

२०२४च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते : भाषा व आकलन (व्हीएआरसी) २४, माहितीचे विश्लेषण व तर्क (डीआयएलआर) २२ आणि गणित (क्यूए) २२. बरोबर उत्तराला ३ गुण, म्हणून कमाल गुण २०४. पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा होतो. उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नात चुकल्यास काही वजा होत नाही. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे असतात आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही.

परीक्षा एकाच दिवशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सत्रांत होते. तिन्ही प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण निघतील याची खात्री नसते, म्हणून मूळ गुणांचे सामान्यीकरण करून स्केल्ड स्कोअर काढतात. नाशिकच्याच केंद्रावर सकाळी बसलेल्या मुलाचे उत्तरतालिकेवरून मोजलेले गुण संध्याकाळी बसलेल्या मैत्रिणीपेक्षा जास्त असून पर्सेंटाइल कमी येऊ शकते, ते यामुळे. त्यात गडबड झालेली नसते. निकालाआधी क्लासवाले मूळ गुणांवरून पर्सेंटाइलचा जो अंदाज सांगतात, तो थोडा इकडेतिकडे होतो त्याचेही कारण हेच.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्यांची संख्या N आणि उमेदवाराचा क्रमांक r धरला, तर सूत्र असे :

P = (N − r) / N × 100

उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत देतात. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. त्या हिशेबाने ९९ पर्सेंटाइल म्हणजे साधारण २,९३० वा क्रमांक आणि ९८ म्हणजे साधारण ५,८६० वा. दुसऱ्या दशांश स्थळावरचा एका अंकाचा फरकही सुमारे २९ जणांचा असतो. आईवडिलांना आधी हाच गुणाकार कागदावर करून दाखवावा : शंभरातून पर्सेंटाइल वजा करायचे, उरलेल्याला शंभराने भागायचे आणि बसलेल्यांच्या संख्येने गुणायचे. जो आकडा येतो तो देशभरातला अंदाजे क्रमांक.

एक कार्ड वाचून

नमुना म्हणून खुल्या प्रवर्गातल्या एका उमेदवाराचे कार्ड घेऊ. यातले आकडे कल्पित आहेत, पण अशी कार्डे दरवर्षी दिसतात. व्हीएआरसी : स्कोअर ३७.२०, पर्सेंटाइल ९८.४०. डीआयएलआर : ११.८०, पर्सेंटाइल ६२.१५. क्यूए : ३२.१०, पर्सेंटाइल ९७.१०. एकूण : ८१.१०, पर्सेंटाइल ९६.२०.

२०४ पैकी ८१.१० म्हणजे जेमतेम ४० टक्के. दहावी-बारावीच्या नव्वदीची सवय असलेल्या घरात हा आकडा ऐकून चेहरे पडतात. प्रत्यक्षात २ लाख ९३ हजारांत हा उमेदवार सुमारे ११,१३० व्या क्रमांकावर आहे.

दुसरी हमखास चूक सरासरीची. तीन विभागांच्या पर्सेंटाइलची सरासरी ८५.८८ येते आणि एकूण मात्र ९६.२० छापलेले असते. यात विसंगती नाही. एकूण पर्सेंटाइल तिन्ही स्कोअरच्या बेरजेवर नव्याने क्रम लावून काढतात. तिन्ही विभागांत एकाच वेळी चांगले गुण मिळवणारे कमी असतात, त्यामुळे दोन विभाग भक्कम असलेला उमेदवार बेरजेत पुष्कळ वर जातो.

विभागवार कट-ऑफ

खरी अडचण डीआयएलआरच्या ६२.१५ मध्ये आहे. प्रत्येक आयआयएम आपले किमान पर्सेंटाइल स्वतः ठरवते आणि ते प्रत्येक विभागासाठी व एकूणासाठी वेगवेगळे गाठावे लागते. एखाद्या संस्थेची खुल्या प्रवर्गाची अट प्रत्येक विभागात ७० आणि एकूण ८० असेल, तर हा उमेदवार एकूणात १६ पर्सेंटाइलने पुढे असूनही तिथल्या मुलाखतीच्या यादीत येत नाही. इतर विभागांतले जादा गुण इकडे वळवता येत नाहीत.

डीआयएलआरमध्ये हे अधिक घडते, कारण तिथे प्रश्न संचांत येतात. चुकीच्या संचावर पंधरा मिनिटे गेली की चार-पाच प्रश्न एकदमच हातचे जातात. मधल्या पट्ट्यात उमेदवारांची दाटीही फार असते. तिथे एक-दोन बरोबर उत्तरांनी पर्सेंटाइल बरेच हलते, म्हणून ६२ म्हणजे मुलाला तर्क जमत नाही असा अर्थ घरात काढू नये.

उलट बाजूही पालकांना सांगायला हवी : कट-ऑफ ओलांडले म्हणजे बोलावणे आले असे नाही. किमान अट ही फक्त चाळणी आहे. त्यानंतर बहुतेक संस्था कॅटचा स्कोअर, दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव असे घटक एकत्र करून यादी लावतात आणि मोठ्या आयआयएमच्या बोलावण्याची प्रत्यक्ष रेषा खुल्या प्रवर्गात किमान अटीच्या बरीच वर असते. संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रवेश धोरणात किमान पर्सेंटाइलचा तक्ता आणि या घटकांचे भारांक दोन्ही दिलेले असतात. कार्ड शेजारी ठेवून दोन्ही वाचावेत.

क्रमांकाचा अर्थ किती घ्यायचा

एमएचटी-सीईटीत मेरिट नंबर लागला की कॅप फेरीत त्या क्रमाने जागा मिळत जाते. कॅटनंतर अशी एकच देशव्यापी फेरी नसते. त्यामुळे ११,१३० वा क्रमांक आणि आयआयएममधल्या एकूण जागा यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. नवीन आयआयएमपैकी काही मुलाखती एकत्र घेतात, तरी निवड याद्या प्रत्येकीच्या वेगळ्या असतात. राज्याची एमबीए सीईटी ही स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यात विभागवार कट-ऑफ नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. वरच्या नमुन्यातल्या उमेदवारासाठी ती, आणि कॅटचे फक्त एकूण पर्सेंटाइल पाहणारी महाविद्यालये, हे खरे पर्याय आहेत.

पर्सेंटाइल सर्व प्रवर्गांचे मिळून एकच असते, प्रवर्गानुसार बदलतो तो कट-ऑफ. इथे महाराष्ट्रातल्या कुटुंबांची एक चूक महागात पडते. आयआयएममध्ये केंद्राची यादी चालते. राज्याच्या ओबीसी यादीत असलेली जात केंद्राच्या यादीतही आहे का, हे अर्ज भरण्याआधी पाहावे आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा. मराठा समाजाचे एसईबीसी आरक्षण राज्यापुरते आहे. तो उमेदवार आयआयएमसाठी खुल्या प्रवर्गात मोडतो किंवा उत्पन्न व मालमत्तेच्या अटींत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर ईडब्ल्यूएसमध्ये. नोंदणीची मुदत संपल्यावर प्रवर्ग बदलून मिळत नाही, म्हणून तहसील कार्यालयातले हे काम निकालाची वाट न पाहता, अर्ज भरण्यापूर्वीच उरकावे लागते.