मुंबईच्या विकास आराखड्यावरील हरकती : नोंदीपासून निर्णयापर्यंत

मुंबईत एखाद्या जागेवर शाळा होणार की रस्ता जाणार, हे ठरण्यापूर्वी महानगरपालिकेला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांकडून सूचना व हरकती मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्यांना सुनावणीची संधी द्यावी लागते. हे बंधन महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याचे आहे. त्या हरकतीचे पुढे नेमके काय होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सध्या लागू असलेला 2034 पर्यंतचा आराखडा ज्या वळणांनी मंजूर झाला, त्यांवरून ते चांगले समजते, म्हणून ही पार्श्वभूमी त्याच्याभोवती मांडली आहे.

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा 1915 साली आला. त्यात एका ठरावीक भागापुरती नगररचना योजना आखली जाई आणि लवाद जमीनमालकांचे म्हणणे भूखंडागणिक ऐकून घेई. म्हणजे त्या काळी ऐकून घेण्याचा विषय प्रामुख्याने मालकी आणि मोबदला हा होता. भाडेकरू, फेरीवाला किंवा समोरच्या चाळीतला रहिवासी त्या चौकटीत जवळजवळ नव्हताच. संपूर्ण शहराचा आराखडा करणे 1954 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले आणि 1966 च्या कायद्याने आजची रचना घडवली. या कायद्याचे कलम 26 प्रारूप प्रसिद्ध करण्याविषयी, कलम 28 हरकती व सुनावणीविषयी आणि कलम 31 शासनाच्या मंजुरीविषयी आहे. हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही. माझ्या मते 1915 ते 1966 या प्रवासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

कलम 28 मधील एक तरतूद नीट पाहण्यासारखी आहे. हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला नगररचना किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती बाहेरून नेमल्या जातात. समितीने आवश्यक ती चौकशी करावी, हरकतदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी आणि महापालिकेला अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो. अहवालाचा विचार करून महापालिका योग्य वाटतील ते बदल करते आणि आराखडा शासनाकडे पाठवते. म्हणजे जी समिती ऐकते तिच्या हाती निर्णय नसतो. तिने केवळ शिफारस करायची असते. ऐकणारे आणि ठरवणारे यांच्यातील हे अंतर पुढे फार महत्त्वाचे ठरले.

विलंबाची परंपराही याच रचनेत वाढली. 1981 ते 2001 या काळासाठीचा दुसरा आराखडा टप्प्याटप्प्याने 1991 ते 1994 दरम्यान मंजूर झाला, म्हणजे त्याचा निम्म्याहून अधिक काळ मंजुरीपूर्वीच सरून गेला होता. ज्या मैदानासाठी हरकत घेतली, त्या मैदानाच्या जागेची स्थिती निर्णय येईपर्यंत बदललेली असणे हे त्या काळात स्वाभाविकच होते.

तिसऱ्या आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आणि हरकतींसाठी 60 दिवस देण्यात आले. त्यावर हजारो हरकती आल्या, आणि त्या वाचताना दोन अगदी वेगळे प्रकार दिसतात. पहिला प्रकार वस्तुस्थितीतील चुकांचा होता : उभ्या इमारतींवरून नवे रस्ते काढलेले होते, वारसा वास्तू नकाशावर नव्हत्या, आणि काही ठिकाणी जागेचा प्रत्यक्ष वापर एक तर नकाशावर दुसराच होता. या चुकांचे मूळ बहुतांशी आराखड्याच्या पायाशी असलेल्या विद्यमान भूवापराच्या सर्वेक्षणात होते. पाया चुकला की त्यावर टाकलेले प्रत्येक आरक्षण, म्हणजे शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, चुकते. दुसरा प्रकार धोरणावरील आक्षेपांचा होता : काही भागांत 8 पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या आठपटीपर्यंत बांधकामाची मुभा, देण्याचा प्रस्ताव, आरे परिसरातील ना-विकास क्षेत्र विकासासाठी खुले करण्याचा विचार, मोकळ्या जागांचे अपुरे प्रमाण.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, एप्रिल 2015 मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे प्रारूप बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करण्याचे आदेश दिले. हरकतींचा हा मोठाच परिणाम होता, यात शंका नाही. पण तो नियोजन समितीपुढील सुनावणीतून घडला नाही. त्या हरकतींवर कलम 28 खालील सुनावणी त्या फेरीत झालीच नाही. त्या एकत्रितपणे दबाव म्हणून उपयोगी पडल्या आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्या पथकाला कच्चा माल म्हणून. ज्याने आपल्या इमारतीचे कागद जोडून दोन पानी हरकत दिली होती, त्याला आपली हरकत मान्य झाली की नाही याचे उत्तर म्हणून हाती नवा नकाशाच आला, आणि त्यावर काही चुकले असेल तर हरकत पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागली.

सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा 60 दिवस देण्यात आले आणि या वेळी 80 हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. एवढ्या संख्येचा अर्थ लावताना सावध राहायला हवे. त्यांत एकाच मजकुराची, फक्त नाव व सही बदललेली पत्रे मोठ्या संख्येने असतात. अशी पत्रे एकाच मुद्द्याखाली एकत्र केली जातात आणि सुनावणीला त्यांचे प्रतिनिधी बोलावले जातात. यात गैर काही नाही; हजार माणसांना एकच वाक्य हजार वेळा बोलायला लावून कोणाचे भले होत नाही. मात्र त्यामुळे हे ध्यानात घ्यावे लागते की नियोजन समितीपुढे वजन संख्येला नसते, भूखंडाला असते. नगर भूमापन क्रमांक, मौजे, विभाग, नकाशाचा क्रमांक आणि आरक्षणाचा संकेतांक लिहिलेली एक हरकत तपासता येते. ‘आमच्या भागात उद्याने कमी आहेत’ असे म्हणणारी शंभर पत्रे खरी असूनही तपासता येत नाहीत, कारण त्यांच्यापुढे शेरा लिहायला नकाशावर जागाच नसते.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. ते काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी कायद्यातली आहे. समजा, मुलुंडमधील एका जुन्या सोसायटीसमोरचा 9.15 मीटरचा रस्ता प्रारूपात 13.40 मीटर रुंद दाखवला आहे आणि वाढीव पट्टी दोन्ही बाजूंनी घ्यायची आहे. सोसायटीच्या बाजूची पट्टी तिच्या जिन्यावर आणि पाण्याच्या टाकीवर येते. सोसायटी मिळकत पत्रिका, मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडून हरकत देते व शिक्का मारलेली पोच घेते. सुनावणीची सूचना येते. समितीपुढे सचिवांना मिळतात ती काही मिनिटे. तेवढ्यात त्यांनी जिन्याचे मोजमाप दाखवले तर ते पुरेसे असते, वाहतुकीवर भाषण केले तर वेळ संपतो. समिती शिफारस करते की जिना वाचवण्यासाठी रस्त्याची रेषा समोरच्या बाजूला सरकवावी.

आता समोर एक चाळ आहे. प्रारूपात तिच्या अंगणाची अगदी थोडी जागा जात होती, म्हणून तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतलीच नव्हती. शिफारस मान्य झाल्यावर संपूर्ण वाढीव पट्टी त्यांच्या बाजूला गेली आणि पहिल्या ओळीतल्या खोल्या रेषेखाली आल्या. ज्यांनी हरकत घेतली त्यांनाच ऐकले गेले. ज्यांच्यावर त्या हरकतीचा परिणाम झाला ते सुनावणीच्या खोलीत कधी आलेच नाहीत. संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला दोष मला हा वाटतो. एखाद्याची मान्य झालेली हरकत हा त्याच्या शेजाऱ्यासाठी नवा प्रस्तावच असतो.

कायद्याने याचा विचार केला आहे, पण अर्धाच. प्रसिद्धीनंतरचे बदल सारभूत स्वरूपाचे असतील तर ते पुन्हा प्रसिद्ध करून त्यांवर हरकती मागवाव्या लागतात. सारभूत म्हणजे काय, याची यादीही कायद्यात आहे. परंतु यादी शहराच्या नजरेने केलेली आहे. कुटुंबाला चार मीटर म्हणजे सगळे घर असते. आराखड्याच्या मापात ती किरकोळ दुरुस्ती ठरू शकते.

ऐकणारे आणि ठरवणारे यांच्यातील अंतरात 2017 मध्ये आणखी एक भर पडली. सुनावण्या जुन्या सभागृहाच्या काळात सुरू झाल्या, फेब्रुवारी 2017 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली आणि आराखड्याला मंजुरी दिली ती नव्या सभागृहाने, जुलै 2017 अखेर, 266 दुरुस्त्यांसह. ज्यांनी हरकतदारांचे चेहरे पाहिले नव्हते, त्यांनी अहवालाच्या तक्त्यांवरून आणि आपापल्या प्रभागातील मागण्यांवरून निर्णय घेतले. नगरसेवकाने दुरुस्ती सुचवण्यात काही वावगे नाही, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. मात्र सभागृहात मांडलेल्या दुरुस्तीवर विरुद्ध बाजूची सुनावणी होत नाही, त्यामुळे समितीने फेटाळलेली मागणी सभागृहातून परत येऊ शकते आणि समितीने मान्य केलेली मागणी तिथे गळू शकते, तेही हरकतदाराला लेखी कारण न कळता.

शासनाने 8 मे 2018 रोजी आराखड्यास मंजुरी दिली आणि नवी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 1 सप्टेंबर 2018 पासून लागू झाली. या मंजुरीबरोबर दोन याद्या आल्या, ज्यांना महापालिकेच्या कचेऱ्यांत एस.एम. आणि ई.पी. म्हणतात. एस.एम. म्हणजे शासनाने केलेले व मंजूर झालेले फेरबदल. त्यांवर पुन्हा हरकत घेण्याची सोय नाही. ई.पी. म्हणजे वगळलेला भाग : शासनाने सुचवलेले सारभूत बदल, जे महिनाभराची मुदत देऊन पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध झाले आणि ज्यांची सुनावणी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे झाली. म्हणून आपल्या भूखंडाचे काय झाले हे जाणायचे तर तीन नकाशे शेजारी शेजारी ठेवावे लागतात : प्रसिद्ध झालेले प्रारूप, महापालिकेने शासनाकडे पाठवलेला आराखडा आणि अंतिम मंजूर नकाशा. पहिल्या दोहोंत फरक असेल तर बदल समितीने किंवा सभागृहाने केला. शेवटच्या दोहोंत असेल तर तो शासनाचा. हरकतीचे उत्तर बहुतेक वेळा पत्राने येत नाही, ते या तीन नकाशांच्या फरकातच वाचावे लागते.

वरील उदाहरणातील चाळीला मंजुरीनंतर उरते ते कलम 37. त्याखाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो. महापालिकेने तसा प्रस्ताव करायला हवा, राजपत्रात सूचना देऊन एक महिन्यात हरकती मागवायला हव्यात, बाधितांना ऐकायला हवे आणि मग शासनाची मंजुरी घ्यायला हवी. त्या महिन्यात पहिली हरकत रस्त्यापलीकडच्या सोसायटीची येईल, आणि या वेळी दोन्ही बाजू एकाच सुनावणीत समोरासमोर असतील.