स्पर्धक दरांचे वाचन (किरकोळ किराणा व्यापार)

शेजारचे दुकान, सुपरमार्केट किंवा घरपोच माल देणारे ॲप एखादी वस्तू कोणत्या दराने विकत आहे हे पाहणे, तो दर आपल्या दराशी खरोखर तुलनायोग्य आहे का हे तपासणे आणि मग दर त्याच्या बरोबरीस आणायचा, त्याच्या खाली न्यायचा की आहे तसा वर ठेवायचा हे ठरवणे, या तीन पायऱ्यांचा मिळून होणारा व्यवहार. ठाणे शहरात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत एकाच गृहसंकुलातील ग्राहकाला हे तिन्ही प्रकारचे विक्रेते हाताशी असतात, त्यामुळे मध्यम आकाराच्या किराणा दुकानदाराला हा निर्णय वर्षातून एकदा नव्हे, तर जवळजवळ दर आठवड्याला घ्यावा लागतो. या नोंदीतील दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

पहिली अडचण मापाची असते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असल्याने सूर्यफूल तेलाचे एक लिटर वजनाने सुमारे 910 ग्रॅम भरते, पण बाजारात त्याच आकाराच्या दिसणाऱ्या, याहून कमी वजनाच्या पिशव्याही असतात. समजा, दुकानदार 910 ग्रॅमची पिशवी 150 रुपयांना देतो आणि समोरच्या फलकावर तेलाचा दर 141 रुपये लिहिलेला आहे, पण ती पिशवी 850 ग्रॅमची आहे. किलोवर आणून पाहिले तर दुकानदाराचा दर सुमारे 165 रुपये आणि फलकावरचा सुमारे 166 रुपये पडतो, म्हणजे नऊ रुपयांनी स्वस्त दिसणारे तेल प्रत्यक्षात किंचित महागच आहे. वेष्टनावर आता एकक दरही छापलेला असतो, परंतु तो छापील कमाल किमतीवरून काढलेला असल्यामुळे सवलतीच्या दरांची तुलना करताना त्याचा उपयोग होत नाही आणि भागाकार स्वतःच करावा लागतो. अशा वेळी दर उतरवण्यापेक्षा दोन्ही पिशव्यांची वजने ग्राहकाला दाखवणे अधिक फायद्याचे ठरते.

माप जुळले तरी दर खरा आहे का, हा प्रश्न उरतो. ॲपवर दिसणारा दर पहिल्या खरेदीपुरता, एका ग्राहकाला एकच नग किंवा ठरावीक रकमेच्या खरेदीनंतरच मिळणारा असू शकतो. त्यावर घरपोच पोहोचवण्याचा आकारही लागू शकतो. माल संपलेला असताना लावून ठेवलेली दरपट्टी तर विचारातच घेऊ नये. सुपरमार्केटचा दर घाऊक वितरकाच्या दरापेक्षाही खाली गेलेला दिसला, तर बहुधा कंपनीची योजना चालू असते आणि ती आपल्याला का मिळाली नाही, हे वितरकाच्या विक्री प्रतिनिधीला विचारणे हा पहिला उपाय होय. महिन्याच्या सुरुवातीला, पगार झालेल्या आठवड्यात, दर मुद्दाम पाडले जातात. म्हणून एकदा पाहिलेल्या दरावर निर्णय न घेता तोच दर पगाराच्या आठवड्यात आणि महिन्याच्या मध्यावर असा दोनदा तरी पाहावा.

आता समजा, वजन सारखे आहे आणि सुपरमार्केटचा 145 रुपयांचा दर टिकून आहे. दुकानदाराची खरेदी 140 रुपयांची असून तो महिन्याला शंभर पिशव्या विकतो. बरोबरी केली तर प्रत्येक पिशवीमागचा नफा दहावरून पाचवर येतो, आणि तेवढीच विक्री राहिली तर 500 रुपये जातात. ते भरून काढायला विक्री दुप्पट व्हावी लागेल. एका दुकानाच्या तेलाची विक्री पाच रुपयांनी दुप्पट होत नसते. या हिशेबावरून दर उतरवू नये असे वाटते, पण हा हिशेब अर्धा आहे, कारण तेलासाठी दुसरीकडे गेलेला ग्राहक साखर, डाळ आणि साबणही तिथूनच घेऊन येऊ शकतो. एका ग्राहकाच्या उरलेल्या खरेदीवर दुकानदाराला 25 रुपये सुटत असतील, तर तो पूर्ण तुटल्यावर तेलाचे दहा धरून 35 रुपयांचे नुकसान होते. पाचशेला 35 ने भागले की चौदाच्या थोडे वर उत्तर येते. म्हणजे एकेक पिशवी नेणाऱ्या शंभर ग्राहकांपैकी चौदापर्यंत तुटणार असतील तर दर धरून ठेवावा, त्याहून जास्त तुटणार असतील तर बरोबरी करावी.

किती तुटतील हे बोलण्यावरून कळत नाही. ‘तिकडे पाच रुपये कमी आहे’ असे म्हणणारा ग्राहक बहुतेकदा तेल घेऊनच जातो, आणि खरोखर जाणारा काही न बोलता जातो. खरी खूण महिन्याच्या यादीत सापडते. वहीवर खाते असलेल्या घराच्या यादीतून फक्त तेल आणि साखर गळली असून पोहे, रवा, मसाले, अगरबत्ती तशीच असेल, तर ते घर दोन ठिकाणी खरेदी करू लागले आहे, तुटलेले नाही. यादीच आली नाही किंवा एकदम निम्मी झाली, तर मात्र प्रकरण तेलापुरते राहिलेले नाही. तेल, साखर, तूरडाळ, चहा अशा ज्या मोजक्या वस्तूंचे दर घराघरात पाठ असतात त्यांच्यापुरतीच बरोबरीची गरज पडते; हिंगाच्या डबीचा दर क्वचितच कोणाच्या लक्षात असतो.

जिथे वस्तूच सारखी नसते, तिथे वरचा दर धरून ठेवणे योग्य असते. पालघर जिल्ह्यातील वाड्याचा कोलम भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे, पण ‘कोलम’ या नावाने इतर भागांतला तांदूळही विकला जातो. खात्रीचा वाडा कोलम ठेवणाऱ्या दुकानदाराने नुसत्या ‘कोलम’च्या दराची बरोबरी केली, तर आपला माल साधा असल्याचे त्याने स्वतःच कबूल केल्यासारखे होते. मात्र दर वर ठेवायचा तर मालही तसाच राहिला पाहिजे. एका खेपेस नवा तांदूळ जुना म्हणून गेला आणि भात चिकट झाला, की पुढच्या वेळी दराची चर्चा सुरू होते.

खालचा दर लावण्याचे प्रसंग याहून कमी असतात. आपली खरेदी खरोखर स्वस्त असावी, ग्राहक मोठ्या मापात घेणारा असावा आणि प्रतिस्पर्ध्याला लगेच उत्तर देता येऊ नये, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. वर्षाचा मसाला करण्याच्या उन्हाळी हंगामात त्या बेडगी मिरचीच्या बाबतीत जुळतात. वाशीच्या मसाला बाजारातून पोते आणणाऱ्याला हमाली आणि टेंपोसह किलो 400 रुपयांना पडली, तर तो 460 रुपयांना देऊ शकतो, तर सुपरमार्केटचे 200 ग्रॅमचे पाकीट 110 रुपयांना, म्हणजे किलो 550 रुपयांना पडते. पाकिटातली मिरची देठ काढलेली असेल तर सुट्या मिरचीतला देठ-कचऱ्याचा दहावा हिस्सा वजा करून दर 511 रुपये धरावा लागतो; तरीही तो खालीच राहतो. चार किलो मिरची घेणारे घर धणे आणि सुके खोबरेही तिथेच घेते. समोरच्या किराणा दुकानदारावर मात्र हा डाव टाकण्यात अर्थ नसतो, कारण तोही वाशीलाच जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फलक बदललेला असतो. मग दोघांचाही नफा जातो आणि ग्राहकाला नव्या दराची सवय लागल्यामुळे जुना दर पुन्हा लावणे अवघड होते.

अशा ओढाताणीनंतर दोघा दुकानदारांना आपसांत एकच दर ठरवून टाकण्याचा मोह होतो. दुसऱ्याचा जाहीर दर वाचून स्वतःचा दर ठरवण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण स्पर्धकांनी मिळून दर ठरवण्याच्या करारास स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 नुसार मनाई आहे, आणि असा करार लेखीच असला पाहिजे असेही नाही.